गळक्या नळाची दुरुस्ती आणि वाया गेलेल्या पाण्याचा हिशेब : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

न्हाणीघरातला अर्धा इंची पितळी नळ घट्ट बंद करूनही ठिबकत राहतो. हा जुन्या धाटणीचा, मूठ दोन-तीन वेळा फिरवून बंद करायचा नळ आहे. नुसता वॉशर बदलून मोकळे होण्यापेक्षा या दुरुस्तीतून एक प्रश्न सोडवून घ्यावा असे ठरवले आहे. वॉशर बदलल्याने गळती नेमकी किती कमी होते आणि वॉशर ज्यावर टेकतो ती सीट दुरुस्त केल्याने किती, हे दोन परिणाम वेगवेगळे मोजायचे आहेत. त्यासाठी गळतीचे मोजमाप तीन वेळा होईल : काहीही न करता, फक्त वॉशर बदलून, आणि शेवटी सीट घासून.

आज फक्त निदान केले. पाणी कोठून येते हे आधी पाहावे लागते, कारण एकाच नळाला दोन वेगळ्या जागी गळती असू शकते आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. नळ चालू असताना मुठीखालून, स्पिंडलच्या म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या कडेने पाणी झिरपत असेल तर दोष ग्लँडच्या, म्हणजे स्पिंडलभोवती पाणी अडवणाऱ्या भागाच्या, पॅकिंगचा किंवा तिथल्या ओ-रिंगचा असतो, आणि नळ बंद केला की ते झिरपणे थांबते. नळ बंद असताना तोटीतून पाणी पडत असेल तर दोष खाली, वॉशर आणि सीट यांच्यामध्ये असतो. या नळाची मुठीखालची जागा चालू असतानाही कोरडी राहिली, तोटी मात्र बंद असतानाही गळत होती. त्यामुळे ग्लँडला हात लावायचे कारण उरले नाही.

नळ बंद केल्यावर लगेच थेंब मोजू नयेत. तोटीच्या बाकात उरलेले पाणी काही मिनिटे हळूहळू निथळत राहते आणि ते गळती म्हणून मोजले जाते. प्रत्येक मापाआधी पंधरा मिनिटे थांबायचे, हा नियम ठेवला आहे. मूठही दर वेळी सारख्याच जोराने बंद करायची आहे, म्हणून ती अंगठा आणि एका बोटाने, अडेपर्यंतच फिरवली आणि त्या जागी मुठीवर व नळाच्या अंगावर पेन्सिलीने एक खूण केली. जोर लावून आवळल्यास थेंब नक्कीच कमी होतात, परंतु त्याने रबर आणखी दाबला जाऊन कापला जातो, आणि मापांची एकमेकांशी तुलनाही करता येत नाही.

६ जानेवारी

गळतीचा अंदाज करायची प्रचलित रीत अशी की एका मिनिटातले थेंब मोजायचे आणि एका थेंबाचे आकारमान ठरावीक धरून गुणाकार करायचा. या रीतीतला मोजण्याचा भाग ठीक आहे, धरून चालण्याचा भाग मात्र ठीक नाही. औषधाच्या ड्रॉपरचे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतात, म्हणून एक थेंब ०.०५ मि.लि. धरतात. नळाचा थेंब ड्रॉपरच्या टोकाला लटकलेला नसतो. थेंब ज्या कडेला लटकतो तिथे पाण्याचा पृष्ठताण त्याला धरून ठेवतो, आणि थेंबाचे वजन त्या पकडीपेक्षा जास्त झाले की तो सुटतो. त्यामुळे कड जितकी रुंद तितका थेंब जड. तोटीच्या तोंडाशी जाळी असेल तर थेंब जाळीच्या एखाद्या सखल कोपऱ्यात जमतो आणि त्याचे वजन पुन्हा बदलते. तोटीला साबणाचा हात लागलेला असेल तर पृष्ठताण घटून थेंब हलका होतो, म्हणून मोजण्यापूर्वी तोटीची कड साध्या पाण्याने धुऊन पुसून घेतली.

म्हणून थेंबाचे वजन धरून चालण्याऐवजी ते मोजले. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कोरडी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला, मग वाटी नळाखाली धरून बरोबर शंभर थेंब पडू दिले आणि त्याच वेळी घड्याळही लावले. शंभर थेंब पडायला २ मिनिटे २४ सेकंद, म्हणजे १४४ सेकंद लागले आणि वाटीतले पाणी १४.२ ग्रॅम भरले. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर असे धरण्यात घरगुती तापमानाला अर्ध्या टक्क्याचीही चूक होत नाही, त्यामुळे एक थेंब ०.१४२ मि.लि. ठरला, म्हणजे ड्रॉपरच्या थेंबाच्या जवळजवळ तिप्पट. शंभर थेंब घेण्याचे कारण असे की वजनात एखाद्या ग्रॅमची चूक झाली तरी ती एवढ्या पाण्यावर सात टक्क्यांच्या आसपासच राहते. दहाच थेंब घेतले तर तीच चूक सगळे माप निरर्थक करील.

आता हिशेब सरळ आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. १४४ सेकंदांना शंभर थेंब, म्हणजे दिवसाला ६०,००० थेंब. त्यांना ०.१४२ ने गुणले की ८,५२० मि.लि., अर्थात दिवसाला सुमारे साडेआठ लिटर. याच थेंबांना ०.०५ मि.लि. धरले असते तर उत्तर ३ लिटर आले असते, आणि कोणी थेंब पाव मिलिलिटरचा धरला असता तर १५ लिटर. थेंब मोजण्यात कितीही काळजी घेतली तरी एका थेंबाचे आकारमान अंदाजाने धरले तर उत्तर पाचपटीच्या अंतरात कुठेही पडू शकते, हे आजच्या नोंदीतून मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

८ जानेवारी

दोन-अडीच मिनिटांच्या मापावरून चोवीस तासांचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, म्हणून काल रात्रीपासून आज रात्रीपर्यंत सगळी गळती साठवून मोजली. नळाच्या मुठीला चिठ्ठी बांधून तो दिवसभर कोणी वापरणार नाही अशी व्यवस्था केली. तोटीच्या कडेला सुती दोरा बांधून त्याचे दुसरे टोक झाकणाच्या भोकातून बादलीत सोडले. पाणी दोऱ्यावरून ओघळत उतरत असल्याने शिंतोडे उडत नाहीत, बादली झाकलेली असल्याने बाष्पीभवन नगण्य राहते आणि रात्रभर टपटप ऐकावी लागत नाही. दोऱ्यामुळे थेंब मोजता येत नाहीत, पण इथे त्यांची गरज नाही.

रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत ३.१० लिटर पाणी जमले आणि सकाळी ६ ते रात्री १० या सोळा तासांत ५.२५ लिटर. एकूण ८.३५ लिटर, म्हणजे परवाच्या शंभर थेंबांच्या अंदाजापेक्षा दोन टक्क्यांनी कमी. दोन स्वतंत्र रीतींची उत्तरे इतकी जवळ येणे समाधानकारक आहे. रात्रीचा वेग ताशी ३८८ मि.लि. आणि दिवसाचा ३२८ मि.लि. आला, म्हणजे नळाला कोणी हात न लावताही रात्री गळती जवळजवळ अठरा टक्क्यांनी वाढते. आसपासचा वापर थांबला की वाहिनीतला दाब चढतो आणि त्याच फटीतून जास्त पाणी निसटते. केवळ रात्रीच्या किंवा केवळ दिवसाच्या मापावरून हिशेब केला तर तो त्या बाजूला झुकलेला येईल, आणि म्हणूनच पूर्ण चोवीस तासांचे माप मी प्रमाण मानणार आहे.

याच रात्री पाण्याच्या मीटरचीही परीक्षा घेतली. घरातले बाकी सर्व नळ बंद ठेवून रात्री १० वाजता आणि सकाळी ६ वाजता मीटरचे आकडे लिहून घेतले. दोन्ही वेळचे आकडे तेच होते आणि लहान लाल चक्रही तसूभर हलले नव्हते, तरी बादलीत तीन लिटरांहून अधिक पाणी होते. यात मीटरचा बिघाड नाही. फिरत्या चक्राच्या घरगुती मीटरला चक्र हलवण्यापुरता किमान प्रवाह लागतो, आणि तो ताशी काही लिटरांचा असतो. ताशी चारशे मिलिलिटरांपेक्षाही कमी ठिबक त्याच्या पोटातून नोंद न होता निघून जाते. मीटर स्थिर आहे म्हणून गळती नाही, असे अनुमान यापुढे कोणी काढू नये.

१० जानेवारी

आज नळ उघडला. न्हाणीघराचा आतला कॉक बंद करून नळ पूर्ण सोडला आणि पाणी थांबेपर्यंत वाट पाहिली. कॉक बंद असूनही बारीक धार राहिली तर कॉकही गळका समजून मुख्य कॉक बंद करावा लागतो. इथे तसे झाले नाही. मोरीच्या जाळीच्या भोकावर फडके दाबून बसवले, कारण स्क्रू किंवा वॉशरचा नट एकदा त्या भोकातून गेला की काम दुप्पट होते.

मुठीवरची रंगीत टिकली पातळ पात्याने उचलली, खालचा स्क्रू काढला, मूठ वर ओढून काढली आणि चकाकणारे बाहेरचे आवरण हाताने फिरवून वर घेतले. खाली स्पिंडलचा षटकोनी भाग दिसतो. तो उलट्या दिशेने सोडताना दुसऱ्या हाताने नळाचे अंग फडक्यात गुंडाळून पकडले होते, नाहीतर पान्याचा सगळा जोर भिंतीतल्या आट्यांवर येतो आणि गळती नळातून भिंतीत जाते. आणखी एक काळजी अशी की स्पिंडल सोडण्याआधी मूठ दीड-दोन फेरे उघडी करून ठेवायची, म्हणजे वॉशर सीटवर दाबलेला राहत नाही. पुन्हा बसवतानाही स्पिंडल वर चढलेलाच ठेवायचा. तो खाली असेल तर षटकोनी भागाचे आटे पुरते बसण्याआधीच वॉशर सीटला भिडतो आणि नवाकोरा रबर पहिल्याच फेऱ्यात चिरतो.

स्पिंडलच्या तळाशी जंपर नावाचा छोटा दांडा असतो आणि त्याच्या चकतीला एका नटाने वॉशर धरलेला असतो. जुना वॉशर नखाने दाबून पाहिला तेव्हा नख जराही रुतले नाही, इतका रबर कडक झाला होता. त्याच्या खालच्या तोंडावर सीटच्या कडेच्या आकाराचा खोल गोल वळ पडला होता आणि त्या वळाला एका जागी फाटल्यासारखी तिरपी चीर होती. चीर कुठल्या दिशेला आहे याची खूण वॉशरच्या कडेला केली, कारण सीटवरचा दोष त्याच दिशेला असेल अशी शंका होती.

ती शंका खरी ठरली. नळाच्या पोटात टॉर्च धरून पाहिले तर सीट म्हणजे पाणी वर येणाऱ्या भोकाभोवतीची पितळेची उंचावलेली गोल कड. तिचा बहुतेक भाग सपाट होता, पण वॉशरच्या चिरेच्याच बाजूला केसाएवढी रुंद खाच कडेला आरपार गेलेली होती. डोळ्यांपेक्षा बोट याबाबतीत अधिक विश्वासू आहे. करंगळी कडेवरून हळूच फिरवली की खाचेवर नख अडते. माझ्या ओळखीच्या एका अनुभवी नळ कारागिराने वारंवार सांगितले आहे, "सीटवरून बोट फिरवल्याशिवाय नवा वॉशर पिशवीतून काढूच नका." खाच होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. वॉशर कडक झाला की एखाद्या बिंदूशी पाण्याला वाट मिळते, दाबाखालचे पाणी बारीक कणांसह त्या एकाच वाटेने चोवीस तास वेगाने जात राहते आणि पितळ झिजवते. गळती जितकी जुनी तितकी खाच खोल, आणि खाच जितकी खोल तितकी गळती जास्त.

सीटचा रंगही पाहून ठेवला. पितळातले जस्त निघून गेले असेल तर तो भाग तांबूस, सच्छिद्र आणि ठिसूळ होतो, आणि तशी सीट घासून उपयोग नसतो; तिथे नळच बदलावा लागतो. इथले पितळ पिवळेच होते.

ठरवल्याप्रमाणे आज सीटला हात लावला नाही. जुन्या वॉशरच्या व्यासाचा आणि जाडीचाच नवा वॉशर बसवला, नट हाताने आवळून पान्याने जेमतेम पाव फेरा दिला. नट फार आवळला तर वॉशर वाटीसारखा खोलगट होतो आणि सीटवर फक्त कडेने टेकतो. स्पिंडलच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावले. पेट्रोलियम जेली किंवा यंत्राचे साधे ग्रीस इथे वापरू नये, कारण वॉशरसाठी वापरले जाणारे काही रबर त्याने फुगतात आणि मऊ पडतात.

संध्याकाळी मूठ पेन्सिलीच्या जुन्या खुणेपर्यंत न येता त्याच्या थोडी आधीच अडली, कारण नवा वॉशर दबलेला नाही. अडण्याची जागा बदलल्याने नवी खूण केली. पंधरा मिनिटांनी शंभर थेंब मोजायला घेतले, त्यांना १३ मिनिटे २० सेकंद लागले. वजन १४.० ग्रॅम. दिवसाला १०,८०० थेंब म्हणजे साधारण दीड लिटर. एका वॉशरने गळती ८२ टक्क्यांनी खाली आली, आणि बहुसंख्य दुरुस्त्या याच ठिकाणी संपवल्या जातात.

१३ जानेवारी

तीन दिवसांच्या नेहमीच्या वापरानंतर मोजले. शंभर थेंबांना आता ६ मिनिटे ४० सेकंद पुरले. दिवसाला २१,६०० थेंब, म्हणजे तीन लिटर. गळती दुप्पट झाली आहे. नवा रबर मऊ असल्यामुळे सुरुवातीला खाचेत थोडा शिरून तिला बुजवतो. पण दर वेळी नळ बंद करताना खाचेच्या धारदार कडा त्याला कापत जातात आणि दाबलेला रबर हळूहळू आपला ताण सोडून देतो. महिना-दोन महिन्यांत वॉशर पुन्हा जातो तो बहुधा याच कारणाने, आणि दोष मात्र वॉशरच्या दर्जावर टाकला जातो.

१५ जानेवारी

सीट घासायचे काम आज केले. यासाठी सीट कटर नावाचे हाताने फिरवायचे अवजार मिळते. त्याच्या मधल्या दांड्याच्या टोकाला सपाट दातांची गोल चकती असते आणि वर शंकूच्या आकाराचे, आटे पाडलेले मार्गदर्शक असते, जे स्पिंडलच्या जागी नळाच्या तोंडात बसते. चकती सीटच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठी, पण नळाच्या भिंतीला न घासणारी निवडावी लागते. मार्गदर्शकाचे महत्त्व मोठे आहे, कारण दांडा जरा जरी तिरका राहिला तरी सीट एका बाजूला उतरती कापली जाते आणि मग कोणताही वॉशर तिथे सपाट टेकत नाही. पॉलिश कागद बोटाला गुंडाळून घासण्याने खाच जाण्याऐवजी कडा गोल होतात, म्हणून तो उपाय टाळावा.

कॉक पूर्वीप्रमाणे बंद करून स्पिंडल काढला, कटर बसवला आणि वरून अगदी हलका दाब देत घड्याळाच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा फिरवला. उलट फिरवू नये. दात बोथट होतात आणि सीटवर कंगोरे उठतात. सुरुवातीला दात खाचेच्या दोन्ही बाजूंना थांबत थांबत कापतात आणि हाताला खडबड जाणवते. सीट सपाट होऊ लागली की ही खडबड जाऊन फिरवणे एकसारखे गुळगुळीत लागते, आणि थांबायची वेळ त्यावरून कळते. दर दोन-तीन फेऱ्यांनी कटर काढून करंगळी फिरवून पाहिली. नख अडणे बंद झाले आणि टॉर्चच्या उजेडात सगळी कड एकसारखी चकाकू लागली तेव्हा काम थांबवले. त्यापुढे कापणे म्हणजे सीट नाहक खाली नेणे. ती फार खाली गेली तर स्पिंडल पूर्ण उतरूनही वॉशर तिला पोहोचत नाही. सीट आधीच खूप झिजलेली असेल तर कापण्याऐवजी तिच्यावर प्लॅस्टिकची नवी सीट दाबून बसवता येते, पण इथे तेवढी झीज नव्हती.

कापलेल्या पितळेचा कीस नळात राहू देणे घातक असते, कारण तोच नव्या वॉशरला कापतो. तोंडावर फडके धरून कॉक क्षणभर उघडला, पाण्याच्या झोताने कीस बाहेर काढला, मग पुन्हा बंद करून आतली बाजू पुसून घेतली. १० तारखेचा वॉशर खाचेने कापलेला असल्याने टाकून दिला आणि नवा लावला. स्पिंडल वर चढवलेल्या स्थितीत परत बसवला.

१६ जानेवारी

काल रात्री १० ते आज सकाळी १० अशी बारा तास कोरडी, आधी वजन केलेली वाटी नळाखाली ठेवली होती. सकाळी तिचे वजन तेच होते आणि तोटीच्या कडेला लावलेला टिश्यू पेपर कोरडा होता. काट्याची चूक एक ग्रॅमपर्यंत धरली तरी गळती असलीच तर बारा तासांना एक ग्रॅमपेक्षा कमी आहे, दिवसाच्या ८.३५ लिटरच्या तुलनेत ती शून्यच मानतो.

२२ जानेवारी

याच पद्धतीने बेसिनचा पाव फेऱ्यात उघडणारा नळ तपासायला घेतला. त्याची गळती मंद, अधूनमधून एक थेंब इतकीच आहे, म्हणून थेंब मोजण्याच्या भानगडीत न पडता थेट वाटी ठेवली. बारा तासांत ४३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ०.८६ लिटर.

या नळात रबरी वॉशर नसतो. आतल्या कार्ट्रिजमध्ये चिनी मातीच्या जातीच्या, अत्यंत सपाट घासलेल्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांची भोके जुळली की पाणी येते, वळवली की थांबते. म्हणून इथे दोष दोनच ठिकाणी असू शकतो : चकत्यांमध्ये किंवा कार्ट्रिजच्या तळाशी असलेल्या रबरी रिंगमध्ये. दोन्हींमुळे तोटीतूनच पाणी पडते, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. मात्र मूठ फिरवताना कचकच लागत असेल तर चकत्यांमध्ये कण शिरल्याची दाट शंका घ्यावी.

कार्ट्रिज बाहेर काढून तळाची रिंग पाहिली. ती नीट फुगीर आणि लवचिक होती. चकत्या प्रकाशात तिरप्या धरल्या तेव्हा आरशासारख्या पृष्ठावर एक बारीक अर्धवर्तुळाकार ओरखडा दिसला, नेमका भोकाच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणारा. असा ओरखडा घरी घासून जात नाही, कारण हाताने घासल्यास चकत्यांचा सपाटपणाच नष्ट होतो. नुसता क्षार साठला असता तर व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून तो सुटला असता. इथे कार्ट्रिज बदलणेच भाग आहे.

नवे कार्ट्रिज निवडताना जुन्याशी चार गोष्टी जुळवाव्या लागतात : आट्यांचा व्यास, वरच्या दांड्याची लांबी, दांड्यावरच्या दातांची संख्या आणि उघडण्याची दिशा. दातांची संख्या जुळली नाही तर मूठ बसत नाही. दिशा चुकली तर मूठ बसते, नळ चालतोही, पण बंद-चालूची जागा उलटी होते, आणि हे सगळे बसवून झाल्यावरच ध्यानात येते. म्हणून जुना भाग फेकून न देता शेजारी ठेवूनच नवा निवडला.

२३ जानेवारी

बसवण्याआधी तोंडावर वाटी उपडी धरून कॉक उघडला आणि वाहिनी धुऊन घेतली. वाटीत वाळूचे दोन-तीन कण निघाले, आणि ओरखड्याचे कारण तेच असावे. कार्ट्रिज हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने फक्त घट्ट लागेपर्यंत आवळले. जास्त आवळल्यास तळाची रिंग चेपते, चकत्यांवर दाब पडतो आणि मूठ जड फिरते. बारा तासांनंतर वाटी कोरडी.

१५ फेब्रुवारी

दोन्ही नळ पुन्हा बारा-बारा तास तपासले. दोन्ही कोरडे आहेत. न्हाणीघरातल्या नळाची अडण्याची खूण जवळजवळ जागेवर आहे, म्हणजे वॉशर फारसा दबलेला नाही. वॉशरने साथ दिली ते सीट सपाट झाल्यामुळे, असे १३ तारखेच्या मापाशी तुलना करून म्हणता येते.

आता वाया गेलेल्या पाण्याचा हिशेब. न्हाणीघरातला नळ दुरुस्तीपूर्वी दिवसाला ८.३५ लिटर गळत होता. तोच वेग वर्षभर राहिला असता तर ३,०४८ लिटर पाणी गेले असते, बेसिनच्या नळातून ३१४ लिटर. हे आकडे पुढे काय झाले असते याचे आहेत. आधी किती गेले याचे उत्तर निराळे आहे. न्हाणीघरातली टपटप दुरुस्तीच्या सुमारे दोन महिने आधी लक्षात आली. सबंध साठ दिवस शेवटचाच वेग धरला तर ५०१ लिटर येतात आणि ती वरची मर्यादा ठरते. पण खाच हळूहळू खोल होत जाते, त्यामुळे गळतीही शून्यापासून वाढत गेली असणार. ती सरळ रेषेत वाढली असे धरले तर सरासरी वेग अर्धा होतो आणि आकडा २५० लिटरांवर येतो. झीज शेवटी शेवटी वेग घेत असल्याने खरा आकडा त्याहूनही थोडा खाली असण्याची शक्यता अधिक आहे. म्हणून वहीत एकच आकडा न लिहिता "२५० लिटर किंवा त्याहून थोडे कमी, कोणत्याही परिस्थितीत ५०१ च्या आत" असे लिहिले आहे.

न्हाणीघराच्या कॉकशेजारी लावायच्या कागदावर वॉशरचा व्यास व जाडी, सीट घासल्याची तारीख आणि ८.३५ हा आकडा लिहून ठेवला. पुढचे माप जुलैमध्ये, शंभर थेंबांनी नव्हे तर बारा तासांच्या वाटीने घ्यायचे.